सहा बाय दोनचा बोर्ड

गावभागातल्या आमच्या समाजमंदिरात वाचनालय सुरू झालं. पुस्तकं आली, सतरंजी आली, पंखाही फिरायला लागला. अडलं ते नावावर. 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलं की पोरं पायरीवरूनच पळणार आणि 'बाल' लिहिलं की निवृत्त मंडळींचा अपमान होणार.

मी 'ओसरी वाचनालय' सुचवलं. ओसरीवर आजोबाही बसतात, नातूही खेळतो. जोडाक्षर एकही नाही, म्हणजे दुसरीतलं पोर वाचणार. बोर्ड सहा फूट बाय दोन फूट. त्यावर 'ओसरी' फूटभर उंच बसणार, म्हणजे मोतीबिंदूवाल्यांनाही रस्त्यावरून दिसणार. माना डोलायला लागल्या होत्या, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ओसरी म्हंजे खानावळ काय ओ?"

हे गृहस्थ सभेचे नव्हतेच. कालच्या लग्नाच्या खुर्च्या मोजायला आलेले मंडपवाले. मी म्हटलं, "पुढं वाचनालय आहे ना!"

"त्ये कोण वाचतंय? असल्या नावाला पिठलं-भाकरीच मिळती. एक्केचाळीस, बेचाळीस... नाव वजनदार पायजे. 'ज्ञान' घाला की. त्रेचाळीस... 'सार्वजनिक' पायजेच, नायतर खाजगी वाटतंय. चव्वेचाळीस... कपाट कुणी दिलं? मग त्यांच्या वडलांचं नाव नको व्हय?"

माझ्या प्रत्येक शब्दाला फाटे फोडणारी समिती त्यांचा एकूण एक शब्द लिहून घेत होती! आणि कपाट तरी कसलं? २०१९ च्या पुरात भिजलेलं. खालचे दोन कप्पे गंजलेत आणि दार लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. वडलांचं नाव मात्र चकचकीत हवं. जाताना मंडपवाल्यांनी एक खुर्ची कमी भरल्याचं सांगून माझ्याकडे संशयानं पाहिलं, ते वेगळंच.

ठरलं ते असं: 'कै. अमुकतमुक स्मृती ज्ञानसंवर्धिनी सार्वजनिक ज्येष्ठ व बाल वाचनालय'. दोन फुटांत चार ओळी. मधली जागा सोडली तर अक्षर जेमतेम चार इंचाचं. वडील मात्र आठ इंच, म्हणून बाकीचे आणखी बारीक. संस्थेच्या नोंदणीच्या अर्जावरही सात जणांच्या सह्यांखाली हेच नाव गेलंय. आता बदलायचं म्हणजे पुन्हा सभा, पुन्हा ठराव, पुन्हा धर्मादाय कार्यालयाची पायरी. त्यापेक्षा नाव पाठ करणं सोपं.

शेजारच्या पोराला वाचायला लावलं. 'ज्ञानसंव'पर्यंत आला, 'र्धि'ला अडखळला आणि "काका, खेळायला जाऊ?" म्हणाला.

काल संध्याकाळी एक आजोबा रस्त्यावरून डोळे बारीक करून बोर्ड बघत होते. मला वाटलं, आला पहिला वाचक. ते घाईघाईनं आत आले. त्यांना एवढ्या लांबून 'सार्वजनिक' आणि शेवटचं 'लय' एवढंच दिसलं होतं.

"पुरुषांचं कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.