डीआय पाईप, काळा थर आणि काळी माती

"डीआय, म्हणजे लवचिक ओतीव लोखंडाच्या, पाईपला आतून सिमेंट आणि बाहेरून डांबराचा काळा थर असतो, तो गंजत नाही. सिमेंटला चिरा दिसल्या तर मात्र पाईप बाद समजा. वरून पॉलिथिनची बाही चढवायला सांगतात, तो फुकटचा खर्च."

असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं, पण ते बरोबर नाही. आधी चिरांचं. उन्हात पडलेल्या पाईपच्या सिमेंटला केसासारख्या चिरा जातातच. त्या पाण्याखाली आल्या की सिमेंट फुगतं, चुना साचतो आणि बहुतेक बुजतात. शिवाय सिमेंट नुसता आडपडदा नसतो. त्याच्या क्षारतेमुळे लोखंडावर सूक्ष्म संरक्षक थर बसतो. पाईप बाद करायचा तो अस्तराचा तुकडा निखळून लोखंड उघडं पडलं आणि ते दुरुस्त होत नसेल तर.

खरा घोळ बाहेरच्या बाजूला आहे. डांबराखाली जस्ताचा फवारा असतो. लोखंडाऐवजी जस्त झिजतं, म्हणून बारीक ओरखडा तो सांभाळून घेतो. पण जस्त मोजकंच असतं, आणि ओल धरणाऱ्या, खारवट मातीत लवकर संपतं. आपली काळी माती पावसाळ्यात घट्ट चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून हवा आत घेते. पाईपचा एक भाग मुरुमात आणि दुसरा चिकणमातीत असला, तर कमी हवेची बाजू खड्डे पडून गंजते.

परभणीकडच्या एका नळयोजनेची गळती उघडली तेव्हा मी चरात उतरलो होतो. ओढ्याकाठची चोपण जमीन. पाईप उतरवताना साखळीनं खरवडलेला पट्टा तसाच पुरला होता. तिथं काळपट मऊ डाग होता, चाकूचं टोक सहज आत गेलं. कापून पाहिलं तर आतलं सिमेंट अगदी धड होतं.

मग चार सळ्या 1.5 मीटर अंतरानं रोवून मातीचा रोध मोजला: 1.2 ओहम. त्यावरून मातीची रोधकता काढायचा हिशोब 2 × पाय × अंतर × रोध: 2 × 3.14 × 1.5 × 1.2, म्हणजे सुमारे 11.3 ओहम-मीटर, अर्थात 1130 ओहम-सेंटिमीटर. 1500 च्या खाली नुसत्या जस्त-डांबरावर विसंबू नये, असा युरोपीय मानकाचा संकेत आहे; भूजलाखाली तो 2500 आहे. माप ओल्या मातीत घ्यावं, कोरड्या मातीचा आकडा फसवतो.

म्हणून बाही. ती पाणी पूर्ण अडवत नाही. आत शिरलेलं थोडं पाणी तिथंच अडकतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि माती थेट लोखंडाला लागत नाही. मात्र ती फाटली तर खड्डा नेमका फाटक्या जागीच पडतो. म्हणून साखळीऐवजी रुंद पट्टा वापरावा, फाटलेल्या जागी टेप गुंडाळावी, खरवडलेल्या आणि कापलेल्या टोकांना जस्तयुक्त रंग लावून वर डांबर द्यावं, आणि पाईपभोवती दगड नसलेली माती भरावी. त्या ओढ्याकाठी नवीन तुकडे आम्ही असेच टाकले.