एकाच दमात

“हा प्रसंग एकाच दमात घ्यायचा, मध्ये कुठेही कट नको,” असे आमचे दिग्दर्शक म्हणाले, तेव्हा त्यातला ‘घ्यायचा’ हा शब्द सर्वस्वी माझ्यासाठी आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. मी त्यांचा सहाय्यक होतो. प्रसंग कागदावर अर्ध्या पानाचाच होता. बऱ्याच वर्षांनी घरी आलेली मुलगी बैठकीत जमलेल्या माणसांतून वाट काढते, फोनवर बोलत बोळ ओलांडते, स्वयंपाकघरात काकांना भेटते आणि शेवटी आजारी वडिलांच्या खोलीत जाते. चार जागा, चार मिनिटे आणि एक कॅमेरा.

मी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढला. कॅमेऱ्याची वाट तांबड्या पेन्सिलीने आणि मुलीची निळ्या पेन्सिलीने आखली, आणि प्रत्येक वळणापाशी सेकंद लिहिले. कागदावर सगळे छान बसत होते, कारण कागदावरच्या माणसांना खांदे नसतात. प्रत्यक्षात दाराची रुंदी तीस इंच निघाली. चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारे गिंबल हातात धरलेल्या आमच्या कॅमेरामनची रुंदी कोपरांसकट अठ्ठावीस इंच होती, आणि बैठकीतून बोळात त्यांना मुलीच्या पुढे, म्हणजे पाठमोरे चालत, शिरायचे होते. त्यामुळे एक मुलगा त्यांचा पट्टा मागून धरून त्यांना गलबतासारखा वळवत असे. हा मुलगा सुकाणू धरण्यात इतका तरबेज झाला, की चित्रीकरण संपल्यावर जिना उतरतानाही कॅमेरामनचा हात आपोआप कमरेपाशी मागे जाऊन त्याला शोधू लागला.

खरी अडचण दारात नव्हती, बोळात होती. बोळ बावीस फुटांचा. सावकाश चालले तरी सात सेकंदांत संपतो. मुलीचे फोनवरचे बोलणे मात्र एकोणीस सेकंदांचे. एरवी अशा वेळी कोणी डोके खाजवत नाही, कारण संकलक मधले चालणे कापून टाकतो किंवा मध्येच दुसऱ्याचा चेहरा दाखवून वेळ काढतो. अखंड टेकमध्ये संकलक जन्मालाच आलेला नसतो. तिथला प्रत्येक विराम नटांच्या पायांनीच भरून काढावा लागतो. मुलीला बारा सेकंद थांबवायचे, पण ती कॅमेऱ्यासाठी थांबली आहे असे वाटता कामा नये, हा तो पेच. मी भिंतीवर एक तसबीर किंचित तिरकी टांगली आणि सुचवले, की बोलता बोलता तिने हात वर करून ती सरळ करावी. दिग्दर्शकांनी मला शाबासकी दिली. तसबिरीच्या काचेत कॅमेरामन, पट्टा धरलेला मुलगा आणि माइकची लांब काठी धरलेला बूमवाला असे तिघेही एखाद्या कौटुंबिक छायाचित्रासारखे दिसू लागले, तेव्हा काच काढून टाकली. या तसबिरीवर मी फार खूश होतो, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे.

बैठकीच्या मोठ्या खिडकीतून भरपूर उजेड येत होता आणि बोळ अंधारा होता. डोळा अशा वेळी आपोआप जुळवून घेतो; लेन्सला तेवढी समज नसते. तिचे छिद्र कोणीतरी बिनतारी यंत्राने वाटेतच मोठे करावे लागते. ते लवकर केले तर मागची खिडकी पांढरीफटक पडते, उशिरा केले तर बोळात शिरलेल्या मुलीचा चेहरा काळोखात बुडतो. दाराची चौकट फ्रेममधून सरकत असते, तेवढ्या अर्ध्यापाऊण सेकंदात हे उरकले, तरच बघणाऱ्याला ते कळत नाही.

आता आमच्याविषयी. कॅमेरा घरभर फिरणार म्हटल्यावर त्याच्या मागे उभे राहायची सोय संपते, कारण ‘मागे’ ही जागाच दर दहा सेकंदांनी बदलते. आम्ही अकरा जण त्या घरात झुरळांसारखे राहत होतो. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली पालथा पडलेला असे. काकांचे काम करणारे वयस्क नट नळाखाली हात धुत उभे असत. मुलगी आत आल्याबरोबर नळ बंद व्हायला हवा, नाहीतर तिचे पहिलेच वाक्य पाण्याच्या आवाजात वाहून जाई. पण काकांची पाठ दाराकडे, आणि आवाज थेट मुद्रित होत असल्यामुळे ओरडून सांगायची सोय नाही. म्हणून मी त्यांच्या विजारीचा पाय ओढत असे. एकदा ओढला की नळ बंद, दोनदा ओढला की वळून बोलायचे. मग कॅमेरा काकांवरून झटक्यात दाराकडे वळे, तेवढ्या वेळात मी रांगत मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, वडिलांच्या पलंगामागे पोहोचत असे.

“अहो, तुम्ही ओढता ते ठीक आहे,” काका एकदा अतिशय अदबीने म्हणाले, “पण मघाशी तीनदा ओढलेत. त्याचा अर्थ काय घ्यायचा?”

त्याचा अर्थ मला पेटका आला होता, एवढाच होता. काकांनी मात्र नळ बंद केला, वळले, बोलले आणि तिसऱ्या ओढीचा मान राखण्यासाठी नळ पुन्हा सुरू केला.

पहिल्या दिवशी आम्ही नऊ टेक केले आणि नऊही वाया गेले. कधी बैठकीत कोणी मुलीच्या वाटेत आले, कधी फोकस चुकला, कधी वडील खरोखरच झोपले. एक चूक झाली की सगळे पहिल्यापासून: तसबीर पुन्हा तिरकी करा, माणसे जागेवर बसवा, अंथरुणाची सुरकुती होती तशी करा. रात्री मी दिग्दर्शकांपुढे साधा हिशेब मांडला. समजा, प्रत्येक जागा तीनांतून दोनदा बिनचूक होते. मग चारही जागा सलग बिनचूक होण्याची शक्यता एक्याऐंशीत सोळा, म्हणजे पाचांत एकदाच. मध्ये एक लपवलेला कट घेतला तर प्रत्येक अर्ध्याला नवांत चार, जवळजवळ निम्मी. ते मान हलवेनात, तेव्हा मी हिचकॉकचा आधार घेतला. ‘रोप’ हा त्यांचा १९४८ सालचा चित्रपट लांबलचक टेकचा म्हणून गाजला, पण कॅमेऱ्यात मावणारी हजार फुटांची फिल्म जेमतेम अकरा मिनिटे चालायची. म्हणून बऱ्याच जोडांवर त्यांनी कॅमेरा कोणाच्या तरी पाठीत नेऊन खुपसला आणि तिथेच कट लपवला. हिचकॉक चालत असतील तर आपणही चालू, असा दिग्दर्शकांच्या चेहऱ्यावर भाव उमटला.

पाठ शोधायला आम्हाला दूर जावे लागले नाही. तसबीर सरळ केल्यावर मुलगी कॅमेऱ्याला ओलांडून पुढे जाते, आणि बोळ इतका अरुंद, की तिची गडद जांभळी पाठ लेन्सला घासूनच जाते. तेवढ्या क्षणी सगळी फ्रेम काळवंडते. कट तिथेच. पहिला तुकडा बैठक आणि बोळ, दुसरा स्वयंपाकघर आणि वडिलांची खोली.

वाटले होते, की आता अंधारात काय, कसेही जोडले तरी चालेल. पण नुसता अंधार पुरत नाही, अंधाराला चालही असावी लागते. पहिल्या प्रयत्नात कॅमेरामन पाठीपाशी येऊन शहाण्यासारखे थांबले आणि दुसऱ्या तुकड्यात तिथूनच चालू लागले. जोडून पाहिले तर कुठेही काही दिसत नव्हते, तरी बघणाऱ्या प्रत्येकाला तिथे ठेच लागल्यासारखे होत होते. मग पहिल्या तुकड्यात आम्ही न थांबता पाठीमागून थेट स्वयंपाकघरात शिरलो, आणि दुसरा तुकडा बोळातूनच, चालत्या पावलांनी सुरू केला. म्हणजे जोडाच्या दोन्ही बाजूंना चाल तीच राहिली आणि नेमका क्षण निवडायला संकलकाला दोन्हीकडे जागा मिळाली.

तरी पाठीचे कापड चुगली करत होते. एका तुकड्यात त्याची वीण धाग्याधाग्याने दिसे, दुसऱ्यात ते धुक्यासारखे. मग त्या क्षणासाठी फोकस दोन्हीकडे दोन फुटांवर बांधून टाकला, छिद्र तेवढेच ठेवले, आणि कॅमेऱ्याची उंची दोरीने मोजली. पहिल्या तुकड्याची शेवटची फ्रेम मॉनिटरवर अर्धपारदर्शक ठेवून तिच्यावर दुसरा तुकडा जुळवत गेलो. डाव्या कोपऱ्यात, खांदा आणि चौकट यांच्यामध्ये, उजेडाची करंगळीएवढी फट राहत होती; मुलीला अर्धे पाऊल डावीकडे चालायला सांगितल्यावर ती बुजली. मी मोठ्या जबाबदारीने दोन्ही भिंतींवरच्या घड्याळांतले सेल काढून ठेवले, म्हणजे त्यांची टिकटिक येणार नाही आणि काटेही हलणार नाहीत. वडिलांच्या खोलीची खिडकी काळ्या कापडाने बंद करून आत दिवा लावला होता, म्हणून दिवस कुठेही गेला तरी तिथे फरक पडणार नव्हता. पहिला तुकडा सकाळी जमला, दुसरा दुपारी उशिरा. काकांनी नळ एकदाच बंद केला.

महिन्याभराने काही जाणत्या मंडळींना तो प्रसंग दाखवला. दिवे लागल्यावर दिग्दर्शक खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “कट ओळखा.” सगळ्यांनी एकमुखाने स्वयंपाकघरातल्या त्या झटक्याच्या वळणावर बोट ठेवले. असे वेगाने पुसट होणारे वळण ही कट लपवण्याची नामांकित जागा आहे हे खरे. पण आमचे वळण अस्सल होते, केवळ मला टेबलाखालून निघता यावे म्हणून ठेवलेले. बोळाबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही. दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. ती माझ्या कारकिर्दीतली सर्वांत सुखाची भुवई होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, “कटाचे मला कळत नाही हो. पण ती मुलगी बोळात इतका वेळ काय करत होती?”

“एकोणीस सेकंद फक्त,” मी म्हणालो.

“छे. तसबीर सरळ करते तेव्हा तिच्या मनगटावर अकरा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. वडिलांच्या कपाळावर हात ठेवते तेव्हा पावणेचार.”

प्रसंग पुन्हा लावला. तसबिरीकडे गेलेला हात लेन्सच्या इतका जवळ होता, की घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा मोजता येत होता. माझ्या खिशात भिंतीवरच्या घड्याळांचे दोन सेल अजून होते. मी ते चाचपून पाहिले.

दिग्दर्शक बराच वेळ पडद्यावरच्या त्या मनगटाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न वळता, हळू आवाजात म्हणाले, “इथे एक कट मारला तर?”