सारखे दिवस म्हणजे सारखी काळजी नव्हे: चोपडा गावाहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «साहेब, तुमचा एक्सचेंज कर्व्ह कागदावर छान दिसतो. आम्ही चोपड्यात सगळ्या मालाला सारखाच आठवडाभराचा जादा साठा ठेवतो, कोणत्याच मालावर अन्याय नाही. एसीत बसून एक्सेल भरणाऱ्यांना उधारी आणि ट्रान्सपोर्टची बोंब काय कळणार?»

भाऊ, मतभेद असू द्या, पण एसीचा टोमणा कशाला? स्टोअरच्या रजिस्टरवर माझी वीस वर्षांची सही आहे आणि जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली माल मोजलाय. मला काय कळतं ते माझ्या आकड्यांवरून ठरवा. उधारीचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे नको.

एक गोष्ट मान्य. मागच्या लेखात मी एक्सचेंज कर्व्ह काढला होता, म्हणजे साठ्यात किती पैसे घातले की किती सेवा मिळते ते दाखवणारा वक्र. त्याच्या अक्षावर मी नुसतं ‘सेवा’ लिहिलं होतं. कोणती सेवा, हे लिहायला हवं होतं. इथे मोजपट्टी अशी: मागणी आली पण माल नव्हता, अशा मालाची वर्षभरातली खरेदी किंमत.

आता तुमचा तो ‘अन्याय नाही’. पंपाच्या दुकानातले तीन नग घेऊ, आकडे हिशोबासाठी गोल धरलेत. कपॅसिटर 100 रुपये, आठवड्याला 40 खपतात. स्क्रीन फिल्टर 1,000 रुपये, आठवड्याला 6. स्टार्टर 4,000 रुपये, आठवड्याला 1. तिन्हींची ऑर्डर वर्षातून 12 वेळा जाते, माल 15 दिवसांत येतो. त्या 15 दिवसांतल्या मागणीच्या अंदाजातली चूक, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, अनुक्रमे 20, 4 आणि 2 नग.

तुमच्या नियमाने जादा साठा होतो 40 कपॅसिटर, 6 फिल्टर, 1 स्टार्टर. पैसे 4,000, 6,000 आणि 4,000, मिळून 14,000. या साठ्याला त्या चुकीने भागा: कपॅसिटरला 2 पट संरक्षण, फिल्टरला दीड पट, स्टार्टरला अर्धा पट. दिवस सारखे, पण स्टार्टर उघड्यावर. खालच्या सूत्राने वर्षाचा तुटवडा कपॅसिटरचा सुमारे 200 रुपये, फिल्टरचा 1,400 आणि स्टार्टरचा 19,000. एकूण 20,600.

तेच 14,000 रुपये प्रत्येकाला 1 पट संरक्षण देऊन वाटा: 20 कपॅसिटर, 4 फिल्टर, 2 स्टार्टर. तुटवडा उरतो 14,000. एक रुपयाही जादा न घालता तिसरा हिस्सा गेला. खरेदी किमतीने वर्षाची मागणी 7,28,000, म्हणजे सेवा 97.2 टक्क्यांवरून 98.1 वर आली.

वक्र काढायला संरक्षणाची ही पट, म्हणजे गुणक, फक्त हलवायची. एक्सेलमध्ये गुणक A2 मध्ये, आणि तुटवड्याचा घटक असा:

```
=NORM.S.DIST(A2,FALSE)-A2*(1-NORM.S.DIST(A2,TRUE))
```

हा घटक × 12 × (तिन्ही नगांच्या ‘चूक × किंमत’ची बेरीज, इथे 14,000) म्हणजे वर्षाचा तुटवडा. गुणक अर्धा ठेवला तर साठा 7,000 आणि तुटवडा 33,200. 1 ला 14,000 आणि 14,000. दीडला 21,000 आणि 4,900. 2 ला 28,000 आणि 1,400. दुसऱ्या सात हजारांनी तुटवडा 19,000 ने उतरतो, चौथ्या सात हजारांनी जेमतेम 3,500 ने. कुठे थांबायचं हे मालकाने ठरवायचं, वक्र फक्त भाव सांगतो. तुमचा ठिपका या रेषेच्या वर पडतो, कारण 20,600 चा तुटवडा चालणार असेल तर 11,000 च्या आसपासच्या साठ्यात भागतं.

मोजपट्टी बदलली तर निकालही बदलतो, हे लपवत नाही. रॅक किती वेळा रिकामा होतो एवढंच मोजलं तर तुमचा नियम वर्षाला 4.8 वेळा आणि माझी वाटणी 5.7 वेळा. स्वस्त कपॅसिटर जास्त वेळा संपतो. गिऱ्हाईक कपॅसिटरसाठीच येत असेल, तर तीच मोजपट्टी धरून वक्र काढा. फक्त मग आठवड्याचा हट्ट नको, स्वस्त नगांचा गुणक मुद्दाम वाढवा.

सारखा गुणक इथे बरोबर ठरला तो तिन्हींच्या ऑर्डरी 12 च असल्यामुळे. एखादा नग वर्षात चारदाच मागवत असाल, तर ‘ऑर्डरींची संख्या × संपण्याची शक्यता’ सगळ्यांना सारखी करावी लागते. स्टार्टरसारख्या सावकाश खपणाऱ्या नगाला हे सूत्र ढोबळच बसतं, तिथे मागचे पंधरवडे मोजून ताडून घ्या.

ट्रान्सपोर्टची बोंब खरी असेल तर ती याच हिशोबात घाला. माल कधी 10 दिवसांत, कधी 25 दिवसांत येत असेल, तर कपॅसिटरची चूक 20 नग धरू नका, प्रत्यक्ष आलेल्या दिवसांवरून काढा. आणि उन्हाळ्यात केळीला पाणी सुरू असतानाची चूक पावसाळ्याच्या चुकीत मिसळू नका. दोन हंगामांचे दोन वक्र काढा.