उधारी देतो म्हणून पाच स्टार?

सकाळी आमच्या लघुउद्योगवाल्या ग्रुपवर एकाने विचारलं, वेफर्ससाठी कच्ची केळी कोणाकडून घ्यावी. लगेच तिघांनी एकच नाव टाकलं. "पाच स्टार भाऊ, महिनाभर उधारी देतो." चहा तसाच राहिला माझा. कारण याच माणसाने गेल्या श्रावणात मला रडवलंय.

पहिल्या सोमवारच्या आधीचा शुक्रवार. उपवासाचे वेफर्स, वर्षाची कमाई याच दिवसांत. ३०० किलो केळी सकाळी सहाला यायची होती. सहा बाया येऊन बसलेल्या, कढईत तेल तापलेलं. साहेबांचा फोन बंद. गाडी आली साडेअकराला. ताडपत्री काढली तर आत वाफ. खालच्या थरातल्या फण्या पिवळ्या पडायला लागलेल्या.

ज्यांनी वेफर्स केले नाहीत त्यांना वाटेल, थोडी पिकली तर काय बिघडलं? अरे बाबा, केळं पिकायला लागलं की पिठूळपणा जाऊन साखर होते. साखर झाली की कढईत चकत्या लाल होतात, तेल पितात, मऊ पडतात. मी प्रत्येक गाडीतली दहा-बारा केळी चिरून बघतो. चीक भरपूर आणि गर पांढरा पाहिजे. शंका आली तर चकतीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. काळानिळा डाग पडला तर कच्चं. फिका राहिला तर ते केळं खा, तळू नका.

त्या दिवशी ४० किलो बाजूला काढली. आता हिशोब करा. त्याचा भाव १४, दुसऱ्याचा १६. म्हणजे ३०० किलोवर माझे ६०० वाचले. वा! आमच्याकडे साडेचार किलो केळ्यांना एक किलो वेफर्स पडतात. ३०० चे ६६ झाले असते, २६० चे झाले ५७. नऊ किलो गेले. १८० च्या ठोक भावाने १६२० रुपये. वाचवले ६०० आणि घालवले १६२०! सहा बायांची साडेपाच तासांची बसून दिलेली मजुरी आणि जळलेलं तेल अजून धरलंच नाही. आणि वर महिन्याची उधारी, म्हणून पाच स्टार!

उन्हाळ्यात-पावसाळ्यात गाडी वाटेत पंक्चर होते, मान्य. एक दिवस कोणाचाही वाईट जातो. म्हणून मी त्या शुक्रवारनंतर वही घातली. प्रत्येक फेरीला तीनच आकडे: सांगितलेली वेळ आणि आलेली वेळ, किती किलो फेकलं, पैसे कधी दिले. २० फेऱ्या होईपर्यंत मत बनवायचं नाही.

वहीने मलाच शिकवलं. दुसरे जे आहेत, चोपड्याकडचे आबा, त्यांची गाडी रोज अर्धा तास उशिरा येते. रोज! मग काय, बायांना साडेसहाला बोलावतो, विषय संपला. यांच्या मालात दर फेरीला सहा-सात किलो खराब निघतो, तो धरूनच मी ऑर्डर देतो. पहिल्याच्या मात्र पाच फेऱ्या अगदी चोख आणि सहावीला ४० किलो कचरा. दोघांची सरासरी काढा, जवळपास सारखीच येते. पण माझा श्रावण सरासरीवर चालत नाही. मला सगळ्यात वाईट दिवस किती वाईट, ते बघावं लागतं.

उधारीचं म्हणाल तर हो, लागते. नाही म्हणणार नाही. किराणा दुकानदार मलाच वीस दिवसांनी पैसे देतात. पण महिन्याची उधारी फुकट नसते, ती भावात किंवा मालात बसलेली असते. शिवाय देणं थकलं की माल खराब आला तरी तोंड उघडत नाही आपण. त्या शुक्रवारी मी त्या माणसाचे दोन फेऱ्यांचे पैसे देणं लागत होतो. ४० किलो फेकले आणि गप्प बसलो. खरा राग बहुतेक त्याचाच आहे.

आबांची उधारी आठ दिवसांची, त्यावर एक दिवस नाही. पण गेल्या दिवाळीनंतर माझे पैसे अडकले तेव्हा मी आधीच फोन केला, तर म्हणाले, "अर्धे दे, अर्धे पुढच्या फेरीला." आणि एकदा पहाटे पाचला त्यांचाच फोन: "भाऊ, आज माल बरा नही शे. लेऊ नको." गाडी पाठवलीच नाही. वहीत त्या फेरीचा रकाना रिकामा आहे आणि मला त्याला किती गुण द्यावे कळलेलं नाही.

त्या ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. तिघांपैकी एकाला विचारलं, तू किती फेऱ्या घेतल्यास रे? म्हणाला, दोन.