दाजींच्या फोनमधल्या 214 क्लिप्स

दाजींच्या फोनमध्ये एकूण 214 व्हिडिओ क्लिप्स निघाल्या आणि त्यांपैकी फक्त तीन क्लिप्समध्ये दाजी स्वतः दिसतात. उरलेल्या सगळ्या त्यांनीच काढलेल्या आहेत, म्हणजे त्यांत द्राक्षबागेतली पाने आहेत, घड आहेत, औषध फवारायचा ब्लोअर आहे, ठिबकची फुटलेली नळी आहे. दाजी मात्र नाहीत. माझ्या मावसबहिणीचा सोळा वर्षांचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत हा फोन घेऊन तासगावहून माझ्याकडे पुण्याला आला आणि म्हणाला, "मामा, पप्पांची फिल्म करायचीय." मी पंधरा वर्षे एडिटिंग करतो, त्यात लग्नेच जास्त. चेहराच नसलेल्या माणसाची फिल्म कशी करणार, असे मला वाटले होते. ते चूक होते, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला दिवस नुसता कॉपी करण्यात गेला. सगळ्या फाइल्स दोन वेगवेगळ्या डिस्कवर घेतल्या आणि त्यानंतर मूळ फोनला हात लावला नाही. कॉपी करताना फाइलची तारीख बदलू शकते, त्यामुळे भरवसा नावावरच ठेवायचा असतो. या फोनच्या कॅमेऱ्याने थेट काढलेल्या क्लिपचे नाव `VID_20191027_071502.mp4` असे असते, त्यात दिवस आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या क्लिपचे नाव `VID-20200209-WA0011.mp4` असे असते आणि त्यातली तारीख क्लिप काढल्याची नसून पाठवल्याची किंवा आल्याची असते. दाजी फोनची जागा भरली की मूळ क्लिप्स पुसून टाकत, त्यामुळे निम्म्याहून जास्त क्लिप्स केवळ व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये, आणि त्याही चेपून लहान झालेल्या, शिल्लक होत्या.

ही 9 फेब्रुवारीची क्लिप मी नावावरून फेब्रुवारीत लावली. भाच्याने ती चार सेकंद पाहिली आणि म्हणाला, "ही डिसेंबरातली आहे. मणी हरभऱ्याएवढे आहेत, अजून पाणी उतरलेलं नाही. फेब्रुवारीत आमचा माल काढणीला येतो." पुढे दोन दिवस तो छाटणीपासूनचे दिवस मोजत, मण्यांचा आकार आणि काडीचा रंग पाहून क्लिप्स लावत होता. मी इतकी वर्षे फुटेज लावतो, पण वेलीवरून महिना ओळखणारा सहायक मला कधी मिळालेला नाही.

आता आवाजाकडे येतो. दाजी संध्याकाळी बागेतल्या लोखंडी अँगलवर हातोडा मारत आहेत, अशी चार मिनिटांची एक क्लिप आहे. फोन तेव्हा दहा वर्षांच्या भाच्याच्या हातात होता, म्हणून या क्लिपमध्ये दाजी दिसतात आणि कोपऱ्यात भाच्याचे बोटही दिसते. सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर सुरुवातीला ठोका आणि आवाज जुळत होते, शेवटाकडे मात्र हातोडा आधी पडायचा आणि आवाज मागून यायचा. फोन उजेड कमी झाला की सेकंदाला काढायच्या फ्रेम्स आपोआप कमी करतो, आणि एडिटिंगचे सॉफ्टवेअर मात्र पुष्कळदा एकच ठरावीक वेग धरून चालते. आवाज आपल्या वेळेने जातो आणि चित्र सरकते. लहान क्लिपमध्ये हे कळतही नाही. ते ओळखायचे असेल तर लांब क्लिपच्या शेवटी ठोका, टाळी किंवा ओठ पाहावेत. उपाय सोपा आहे: टाइमलाइनवर घेण्याआधीच फ्रेम्सचा वेग एकसारखा करून घ्यायचा.

```
ffmpeg -i in.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy out.mp4
```

खरा वाद झाला तो क्लिप्सच्या कडांवरून. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन सेकंद कचरा असतो, आणि तो कापणे हे माझ्या हाताला इतके सवयीचे झाले आहे की मी पहिल्या चाळीस क्लिप्स न विचारता छाटून टाकल्या. दाजींच्या क्लिप्समध्ये सुरुवातीला त्यांचा श्वास असतो, घसा खाकरणे असते, "झालं का चालू?" असे स्वतःशीच विचारणे असते. शेवटी पान दाखवून झाले की फोन खाली येतो आणि बंद करायचे बटण सापडेपर्यंत चिखलाने भरलेल्या चपला, पायजम्याची गुंडाळलेली कड आणि काळी माती दिसत राहते. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही पप्पांनाच कापलंय." मी सगळ्या कडा परत जोडल्या. मधले पान त्यांनी द्राक्षांच्या सल्लागाराला पाठवायला काढले होते, त्यात त्यांना स्वतःला काही ठेवायचेच नव्हते. ते सापडतात ते फोन सांभाळण्याच्या धांदलीत.

मग त्याने फिल्मची रचनाच उलटी केली. पाने कमी ठेवली आणि कडा पूर्ण ठेवल्या. एका क्लिपच्या शेवटच्या चपलांवरून दुसऱ्या क्लिपच्या सुरुवातीच्या श्वासावर तो जातो, आणि श्वास चित्राच्या आधी अर्धा सेकंद ऐकू येतो, म्हणजे चपला दिसत असतानाच पुढच्या सकाळचा माणूस बोलायला लागतो. वारा काढून आवाज स्वच्छ करून पाहिला, तेव्हा दाजी हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटू लागले, म्हणून वारा तसाच राहू दिला. भाच्याने सुरुवातीला हौसेने पियानोचे संगीत घातले होते. मी काही बोललो नाही. पुढे त्यानेच ते काढले, कारण संगीताखाली खाकरणे ऐकू येत नव्हते. (उभ्या क्लिप्सच्या दोन्ही बाजूंना तेच चित्र धूसर करून भरण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला बिलकूल पटत नाही, आम्ही बाजू काळ्या ठेवल्या.)

शेवट कोणता करायचा, यावर आमचे जमले नाही. हातोड्याच्या क्लिपच्या अखेरीस दाजी कॅमेऱ्याकडे चालत येतात, "आण इकडं" म्हणतात आणि त्यांचा तळवा पूर्ण पडदा झाकतो. कोणताही एडिटर इथेच थांबला असता, आणि मीही तोच हट्ट धरला. भाच्याने ती क्लिप मध्यात टाकली. त्याने शेवटी ठेवली ती 27 ऑक्टोबर 2019 ची, वर जिचे नाव दिले आहे ती. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते आणि त्या महिन्यात अवकाळी पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. त्या हंगामात राज्यभर द्राक्षबागा गेल्या. सकाळचे सव्वासात वाजले आहेत, लांबून फटाक्यांचे आवाज येत आहेत. दाजी पानाच्या वरच्या बाजूचा तेलकट पिवळा डाग दाखवतात, पान उलटतात, खाली पांढरी बुरशी दिसते, आणि ते म्हणतात, "साहेब, डाऊनी आलाय. आता काय मारू?" नंतर चपला, माती, आणि फिल्म संपते. सल्लागाराचे उत्तर फोनमध्ये होते, दोन औषधांची नावे आणि प्रमाण. भाच्याने ते घेतले नाही. माझ्या मते त्याचे बरोबर होते, हे मला तेव्हा कबूल करता आले नाही.

अकरा मिनिटांची फिल्म ताईने स्वयंपाकघरात उभ्यानेच, फोनवर पाहिली. संपल्यावर तिने शेवटची क्लिप पुन्हा लावायला सांगितली आणि विचारले, "हे पान वरच्या बागेतलं का खालच्या?" फाइलच्या नावात ते नसते आणि भाच्यालाही सांगता येईना. ताईने फोन जवळ घेऊन मातीकडे पाहिले.

"वरच्या," ती म्हणाली. "खालच्या बागेत तोवर डाऊनी आला नव्हता."