सहा जुलै की सात जून?

अरे बाबांनो, महिना अक्षरात लिहायला काय पैसे पडतात काय?

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत मे महिन्यात अमेरिकेहून मेल आला: माल 06/07 ला निघाला पाहिजे. आम्ही कोल्हापूरची माणसं, आधी दिवस वाचणार. सहा जुलै! निवांत. साचे लावले, भट्टीचा नंबर धरला. आणि आठ जूनला तिकडून फणकारा, "कंटेनर कुठाय?" त्यांचा सात जून होता म्हणे! आता कास्टिंग काय तांबड्या रश्श्यासारखं रात्रीत उकळून द्यायचं?

बरं, 25/06 लिहिलं असतं तर कुणीही ओळखलं असतं, पंचविसावा महिना कुठं असतो? घोळ फक्त बारापर्यंतच्या दिवसांचा. 07/07 सोडा, तो दोन्हीकडून एकच. तरी वर्षात 132 तारखा अशा दुतोंडी उरतात. आणि डिलिव्हरी नेमकी त्यातलीच!

वर ते एक्सेल! अमेरिकन सेटिंगवर 25/06/2026 टाकलं तर मजकूर समजून डावीकडं चिकटवतं, निदान कळतं तरी. 06/07/2026 मात्र गपगुमान सात जून करून उजवीकडं बसवतं. अर्धा रकाना डावीकडं, अर्धा उजवीकडं दिसला की समजायचं, वाट लागली.

2026-07-06 असं वर्ष आधी लिहायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसओ 8601. पाळतंय कोण? परवा त्याच गिऱ्हाइकाचा नवा मेल आलाय. तारीख? 09/10. घ्या!