स्क्रीनशॉटमधली ‘तेवढी एक ओळ’

वकिलीत हल्ली एक विनंती वरचेवर ऐकू येते, म्हणून हे लिहितो आहे. काही दिवसांपूर्वी एक ताई आल्या. भाड्याचे घर सोडून चार महिने झाले, तरी मालक ६०,००० रुपयांची अनामत रक्कम परत करत नव्हते. व्हॉट्सॲपवर ताईंनी लिहिले होते, ‘भिंतींचा रंग खराब झालाय, त्याचे ८,००० कापून घ्या,’ आणि त्याखाली मालकांचे उत्तर होते, ‘ठीक आहे, बाकीचे १५ तारखेपर्यंत देतो.’ आपली ओळ पुसून फक्त उत्तराचा स्क्रीनशॉट लावावा, असे ताईंचे म्हणणे होते. मी नकार दिला.

तोच संवाद मालकांच्याही फोनमध्ये आहे. उलटतपासणीत तो पुढे आला की ताईंच्या खऱ्या ५२,००० रुपयांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय वरची ओळ गेली की ‘बाकीचे’ हा शब्द अधांतरी लटकतो. न्यायालयीन कामात वापरण्यासाठी खोटा पुरावा रचणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि अशा कामात वकिलाने हात घालायचा नसतो. तारीख कापणे किंवा मूळ चित्रावरच लाल गोल काढणे निरागस असले, तरी संशयाला तेवढेही पुरते. खुणा करायच्याच असतील तर वेगळ्या प्रतीवर कराव्यात.

मग मी ताईंना समोर बसवून संपूर्ण संवाद ‘एक्स्पोर्ट चॅट’ने काढायला लावला. त्यातून निघणारी मजकुराची फाइल कोणालाही बदलता येते, त्यामुळे ती एकटी पुरेशी नाही. खरा आधार मूळ फोनच. म्हणून तारखा दिसतील असे सलग स्क्रीनशॉट घेतले, आणि सेव्ह केलेले नाव कोणतेही असू शकते म्हणून मालकांचा नंबर दाखवणाऱ्या पडद्याचाही घेतला. सगळ्याची एक झिप फाइल करून विंडोज संगणकावर तिचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा अंक-अक्षरांतला ठसा, काढले:

```
certutil -hashfile chat.zip SHA256
```

फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी हे मूल्य बदलते. मात्र मजकूर मुळात खरा होता की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यानंतर फाइलला हात लागलेला नाही, एवढेच कळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार स्क्रीनशॉटच्या छापील प्रतींसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हे मूल्य भरायचे असते, आणि त्याचा एक भाग पक्षकाराने, तर दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

आपोआप पुसले जाणारे मेसेज ताईंनी तिथेच बंद केले. नोटीस ५२,००० रुपयांची गेली आहे. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याचा बेत तेवढा त्यांना नाइलाजाने पुढे ढकलावा लागला.